शंभरच्या प्लॅनवर लॅपटॉपला पंचवीसच काहून? सिंगल बँड कार्ड आणि डोंगलचा उपाय

प्रश्न: दादा, घरी १०० एमबीपीएसचा फायबर घेतला. मोबाईलवर ९० च्या वर येते, पण माझ्या २०१५ च्या लॅपटॉपवर २०-२५ च्या पुढे सरकूनच नाही राहिलं, संध्याकाळी तर ८-१०. वायफायच्या यादीत ते ५जी वालं नाव मोबाईलला दिसते, लॅपटॉपला दिसतच नाही. नेटवाला म्हणते लॅपटॉपच जुना झाला, नवीन घ्या. पाच-सातशेचं यूएसबी डोंगल लावून काम होईल का? फ्लॅट स्कीममध्ये राहतो, नागपूरला मनीषनगर.

उत्तर: होईल. फक्त डोंगल ड्युअल बँडच पाहिजे, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पकडणारं, आणि घ्यायच्या आधी घोळ कार्डातच आहे हे पक्कं करून घ्या, नाहीतर सातशे रुपये जायचे आणि स्पीड तिथल्या तिथे. पक्कं करायला काही सॉफ्टवेअर टाकायची गरज नाही, स्टार्टमध्ये cmd टाइप करा, काळी खिडकी उघडते, त्यात हे टाका:

```
netsh wlan show drivers
```

लांबलचक यादी येते पण आपल्याला त्यातली एकच ओळ पाहायची आहे:

```
Radio types supported     : 802.11b 802.11g 802.11n
```

एवढंच लिहिलेलं असेल तर कार्ड सिंगल बँड आहे, म्हणजे त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येतं, ५ गिगाहर्ट्झसाठी त्याच्यात रेडिओच नाही. हे b, g, n, ac म्हणजे वायफायच्या पिढ्यांची नावं. शेवटी n आहे ते पाहून फसू नका, n दोन्ही बँडवर चालतं, ५ ची खूण म्हणजे यादीत a किंवा ac असणं. (आणि ते राउटरच्या नावातलं ५जी म्हणजे मोबाईलचं ५जी नाही बरं, हा ५ गिगाहर्ट्झचा बँड आहे, सिमशी त्याचा काही संबंध नाही.) डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर उघडून कार्डाचं नावही पाहून घ्या, QCA9565, AR9485, BCM43142, RTL8723BE असलं काही दिसलं की समजायचं, ही त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपात सर्रास बसवलेली एकच बँडची आणि एकच स्ट्रीमची, म्हणजे एका वेळी डेटाची एकच धार चालवणारी, कार्डं आहेत. लॅपटॉप आय५ असो की आय७, कंपन्यांनी पैसे वाचवले ते इथे, कारण दुकानात कोणी वायफाय कार्ड विचारत नाही.

आता दुसरी कमांड, वायफायला जोडलेलं असताना:

```
netsh wlan show interfaces
```

यात Channel आणि Receive rate या दोन गोष्टी पाहा. चॅनल १ ते १३ मधलं असेल तर तुम्ही २.४ वर आहात, ३६ किंवा त्याच्या वर असेल तर ५ वर. Receive rate तुमच्याकडे बहुतेक 72.2 किंवा 65 दिसेल. सगळा हिशोब इथूनच सुरू होतो.

हा ७२ म्हणजे इंटरनेटचा स्पीड नाही, कार्ड आणि राउटर यांच्यात हवेतून बोलायचा जास्तीत जास्त वेग आहे. एक स्ट्रीमचं n कार्ड २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर ७२.२ च्या वर जाऊच शकत नाही, ती त्याची छत आहे. वर वायफाय एका वेळी एकालाच बोलू देतं, प्रत्येक तुकड्यानंतर पोच द्यायची, मधे थांबायचं, हवा मोकळी आहे का पाहायचं, या सगळ्यात जवळपास निम्मा वेळ जातो. म्हणून ७२ च्या लिंकवर राउटरच्या पुढ्यात बसून, आजूबाजूला कोणी नसताना, फार फार तर ४०-४५ हातात पडतं. म्हणजे शंभरचा प्लॅन या कार्डातून कधीच पूर्ण येणार नव्हता, नेटवाल्याने कितीही वेळा राउटर रिस्टार्ट करायला लावला तरी.

जुन्या कार्डाच्या डब्यावर १५० लिहिलेलं असायचं ते ४० मेगाहर्ट्झच्या चॅनलवरचं. फ्लॅट स्कीममध्ये ते विसरा, शेजारी दहा राउटर दिसले की चांगला राउटर आपणहून २० वर उतरतो, आणि उतरायलाच पाहिजे.

मग ४०-४५ पण काहून नाही येत, २० च का? आणि संध्याकाळी ८? त्याचं कारण तुमच्या घरात नाही, भिंतीपलीकडे आहे. २.४ च्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच आहेत, १, ६ आणि ११. तुमच्या स्कीममध्ये प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर, त्यात समोरच्या इमारतीचे, आणि हे सगळे त्या तीन चॅनलांत वाटणी करून राहिले. तुमच्या चॅनलवर शेजाऱ्याचा टीव्ही मॅच चालवत असेल तर तेवढा वेळ तुमचा लॅपटॉप गप बसून वाट पाहतो. दुपारी लोक ऑफिसात, तेव्हा २५, रात्री आठला सगळे घरी, तेव्हा ८. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्याच बँडवर, पण ते किरकोळ आहे, खरी गर्दी राउटरांची. पाहायचं असेल तर हे टाका, प्रत्येक नेटवर्क कोणत्या चॅनलवर आहे ते दिसतं:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

५ गिगाहर्ट्झवर गोष्ट वेगळी आहे. एक तर तिथे जागा जास्त आहे, भारतात २०१८ मध्ये सरकारने या बँडचा मोठा पट्टा लायसन्सशिवाय वापरायला मोकळा केला. चॅनल ८० मेगाहर्ट्झ रुंद घेता येतं, म्हणजे चौपट, आणि ac मध्ये तेवढ्याच हवेत जास्त डेटा भरायची पद्धतही सुधारली, त्यामुळे एकाच स्ट्रीमच्या साध्या रेडिओला ४३३ ची लिंक मिळते. दुसरं म्हणजे ५ चा सिग्नल भिंतीतून नीट जात नाही. लोक याला दोष म्हणतात, पण फ्लॅटमध्ये तोच फायदा आहे, शेजाऱ्याचा सिग्नल तुमच्यापर्यंत येता येताच मरतो. तुमचा मोबाईल ९० देतो तो यामुळे, त्याचा रेडिओ ac वाला आहे.

एक खात्री अजून करा, ही लोक नेहमी टाळतात. राउटरमधून लॅन वायर लॅपटॉपला लावा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या, संध्याकाळी, जेव्हा त्रास होतो तेव्हाच. ९० च्या वर आलं तर लाइन चांगली, लॅपटॉपही चांगला, घोळ फक्त वायफायचा. वायरवरही १०-१५ च आलं तर आधी मोबाईलवर त्याच वेळी पाहा, त्याच्यावरही पडलेलं असेल तर लाइनच बसते आहे, नेटवाल्याला पकडा, डोंगल घेऊ नका. आणि त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांचं लॅन पोर्ट शंभरचंच असतं, म्हणून ९४-९५ च्या वर आकडा गेला नाही तर घाबरू नका, तिथे तेवढंच येतं.

आता एक केस सांगतो, तुमच्यासारखीच. त्रिमूर्तीनगरला एक मॅडम ऑनलाइन ट्यूशन घेतात, लॅपटॉप १५ इंची, आय३ वाला, प्लॅन शंभरचा. तक्रार अशी की संध्याकाळच्या बॅचला पोरांना त्यांचा आवाज तुटून ऐकू येते, स्क्रीन शेअर केली की चित्र अडकते. त्यांनाही नवीन लॅपटॉपच घ्या असं सांगून झालं होतं. वायर लावून पाहिली, ९४. वायर काढली, त्याच टेबलावर, राउटर त्याच खोलीत, लिंक ६५, स्पीड १४. आणि स्पीडपेक्षा वाईट होता पिंग, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, वायरवर ६-७ मिलिसेकंद, वायफायवर कधी १०, कधी १५०, कधी मधेच २०० च्या वर. क्लास तुटत होता तो १४ च्या स्पीडमुळे नाही, व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, तो तुटत होता या उड्यांमुळे, कारण प्रत्येक वेळी हवा मोकळी व्हायची वाट पाहण्यात आवाजाचा तुकडा उशिरा पोचायचा. नेटवर्कांची यादी काढली तर वीसेक नावं, जवळपास सगळी १, ६, ११ वर बसलेली.

चॅनल बदलून पाहायचं का? पाहिलं, ६ वरून ११ वर नेलं, १४ चे १९ झाले, पण अशा ठिकाणी हे टिकत नाही, शेजारचे राउटर ऑटोवर असतात, तेही चॅनल बदलत राहतात.

मग डोंगल लावलं, ड्युअल बँड, AC600 वर्गातलं, नखाएवढं नॅनो. त्याच टेबलावर लिंक 433.3, स्पीड ९३, पिंग ७-८ वर स्थिर. म्हणजे आता अडवणूक प्लॅनची होती, वायफायची नाही. बाजूच्या बेडरूममध्ये, एक विटांची भिंत मधे, लिंक २६० च्या आसपास आणि स्पीड तरीही ९० च्या वर. मागच्या खोलीत मात्र गंमत झाली. तिथे दोन भिंती, आणि हॉलच्या खिडकीत मोठा कूलर, पत्र्याचा, राउटर नेमका त्याच्या मागे कोपऱ्यात. लिंक ५८ वर आली, स्पीड ३० च्या खाली, मधेच डोंगल आपणहून २.४ वर उडी मारत होतं. ५ गिगाहर्ट्झला लोखंडी पत्रा म्हणजे भिंतीपेक्षा वाईट, आणि ओली खस त्याच्यात भर. राउटर कूलरमागून काढून दाराच्या वर खिळ्याला टांगला, फायबरची वायर तेवढी पुरत होती. मग डोंगल मीटरभराच्या यूएसबी एक्सटेन्शन वायरला लावून लॅपटॉपच्या मागून, लोखंडी कपाटाच्या बाजूने, दाराच्या बाजूला आणलं. लिंक १९५, स्पीड ८०-८५. डोंगल तेच होतं, फक्त जागा बदलली. आपल्याकडे मार्चमध्ये कूलर लागले की "नेट स्लो झालं" म्हणणारे फोन वाढतात, त्यातल्या काहींचं कारण हेच असतं.

डोंगल कोणतं घ्यायचं, तर इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बर्डीवर दुकानात जाऊन "वायफाय डोंगल द्या" म्हटलं की समोर दोन सारखीच दिसणारी पाकिटं येतात. उदाहरण म्हणून TP-Link चीच दोन घ्या, TL-WN725N आणि Archer T2U Nano, दोन्ही नखाएवढी, काळी, हातात घेतली तर फरक कळत नाही. पहिलं १५० चं, फक्त २.४ वालं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपात आत जे बसलं आहे तेच बाहेरून लावायचं, काडीचा फरक पडणार नाही. दुसरं AC600, ड्युअल बँड, तुमच्या कामाचं. दोन-तीनशे वाचवायला लोक पहिलं घेऊन येतात आणि मग म्हणतात डोंगलने काही होत नाही.

तर पाकिटावर AC आणि 5GHz हे दोन्ही शब्द डोळ्याने वाचा. आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर असा: १५० किंवा ३०० एकटं लिहिलं असेल तर ते बहुधा फक्त २.४ चं. ६०० म्हणजे ४३३ अधिक २.४ वरचे दीड-दोनशे, दोन्ही बँड एका वेळी चालत नाहीत, नुसती बेरीज करून मोठा आकडा छापतात, आपल्याला त्यातले ४३३ हवे. १२००-१३०० चे म्हणजे दोन स्ट्रीम, ५ वर ८६७. ते चांगले असतात पण तुमच्या शंभरच्या प्लॅनला त्यांची गरज नाही, आणि ते यूएसबी ३ च्या पोर्टात लावले तरच पैसे वसूल. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी २ पोर्टातून ४८० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तीनशेच्या आतबाहेरच जातं. ४३३ वाल्या डोंगलमधून खरे दोन-सव्वादोनशे येतात, ते यूएसबी २ मधून आरामात जातात. म्हणून साध्या पोर्टात साधं डोंगल, निळ्या पोर्टाची चिंता करू नका.

चिपबद्दल थोडंसं. स्वस्त AC600 डोंगलमध्ये बहुतेक RTL8811AU, RTL8811CU नाहीतर MT7610U असतं. विंडोजवर यातलं कोणतंही चालतं. बिननावाची पाकिटंही आतून हीच असतात, फक्त ड्रायव्हर शोधायचं काम आपल्या गळ्यात पडतं, म्हणून मी शंभर-दीडशे जास्त देऊन नावाचं घ्या म्हणतो, ज्याच्या साइटवर ड्रायव्हर ठेवलेला असेल. लॅपटॉपवर लिनक्स टाकलेलं असेल तर मात्र चिप पाहूनच घ्या, MT7610U चा ड्रायव्हर लिनक्समध्ये कितीतरी वर्षांपासून आतच आहे, 8811CU चा ६.२ कर्नलपासून आला, 8811AU चा तर त्याच्याही बऱ्याच नंतर.

नॅनो की दांडीवाला अँटेना? राउटर त्याच खोलीत किंवा बाजूच्या खोलीत असेल तर नॅनो, लावून विसरून जायचं, बॅगेत टाकतानाही काढावं लागत नाही. दोन भिंती मधे असतील तर अँटेनावाला घ्या, किंवा नॅनोलाच वर सांगितली तशी एक्सटेन्शन वायर. नॅनोची दुसरी अडचण आपल्याकडची, ऊन. नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये उष्णता जायला जागाच नसते, आणि ते लॅपटॉपच्या गरम अंगाला चिकटलेलं. मेमध्ये बाहेर ४५, खोलीत कूलर बंद, आणि तुम्ही मोठं डाउनलोड लावलं की अर्ध्या तासाने नेट तुटतं, काढून पाच मिनिटांनी लावलं की परत चालतं. असं होऊन राहिलं असेल तर डोंगलला हात लावून पाहा, चटका बसत असेल तर कारण तेच. एक्सटेन्शन वायरवर लटकवलं की लॅपटॉपची उष्णता तरी त्याला लागत नाही, बहुतेक वेळा तेवढ्यानेच थांबतं.

लावताना दोन-तीन ठिकाणी अडकायला होतं. लावल्यावर विंडोज १० कधी कधी आपणहून ओळखतं, पण बऱ्याच डोंगलांचं पहिल्यांदा लावल्यावर असं होतं की "माय कॉम्प्युटर"मध्ये एक सीडी ड्राइव्ह दिसते आणि वायफाय काही दिसत नाही. लोक म्हणतात खराब निघालं, परत करून येतात. ते खराब नसतं, ड्रायव्हर त्याच्यातच ठेवलेला असतो म्हणून ते आधी सीडी असल्याचं दाखवतं. ती ड्राइव्ह उघडून सेटअप चालवा, झाल्यावर ते आपणहून वायफाय होतं, नाही झालं तर त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट करा. सीडी दिसत नसेल आणि ड्रायव्हर डाउनलोड करायचा असेल तर जुन्या वायफायवर करून ठेवा, किंवा मोबाईल केबलने लावून यूएसबी टेदरिंग.

ड्रायव्हर बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुन्या कार्डावर राइट क्लिक करा आणि Disable device. हे केलं नाही तर दोन्ही वायफाय एकाच वेळी जोडलेली राहतात, विंडोज कधी जुन्याच रस्त्याने पाठवतं आणि तुम्हाला वाटतं डोंगल लावूनही पंचवीसच. Uninstall करू नका, ते रिस्टार्टला परत येतं. आणि कार्ड खोलून काढूनही टाकू नका, बऱ्याच लॅपटॉपात ब्लूटूथ त्याच कार्डावर असतं, वायफाय बंद केलं तरी ब्लूटूथ वेगळं दिसतं आणि चालू राहतं, पण कार्डच काढलं तर दोन्ही जातात.

मग डोंगलच्या Properties मध्ये Power Management चा टॅब असतो, त्यातली "Allow the computer to turn off this device to save power" वरची टिकमार्क काढा. नाहीतर लॅपटॉप थोडा वेळ ठेवला की डोंगल झोपतं आणि उठायला नखरे करतं. त्याच ठिकाणी Advanced मध्ये Preferred Band असं काही असेल तर ५ निवडा, सगळ्या ड्रायव्हरांत हे नसतं.

नंतर ती netsh ची दुसरी कमांड परत चालवा. चॅनल ३६ किंवा त्याच्या वर आणि Receive rate शेकड्यात दिसला म्हणजे काम झालं. चॅनल अजूनही ६ की ११ च असेल तर डोंगल २.४ वरच जोडलं आहे, काही राउटर दोन्ही बँडला एकच नाव देतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात, त्यात लॅपटॉप २.४ वर पडला की तिथेच राहतो. राउटरमध्ये जाऊन ५ ला वेगळं नाव द्या, तुमच्याकडे ते आधीच वेगळं दिसतं म्हणता, म्हणजे तुम्हाला फक्त जुनं नाव Forget करून ५ वाल्याला जोडायचं आहे.

आणि डोंगल लावूनही ते ५ वालं नाव दिसलंच नाही, मोबाईलला मात्र दिसते, तर राउटर कोणत्या चॅनलवर आहे ते पाहा. ५२ ते १४४ मधल्या चॅनलांवर राउटरला रडार चालू आहे का ते तपासत राहावं लागतं, स्वस्त डोंगलांना ती चॅनलं बरेचदा दिसत नाहीत. राउटर ऑटोवर असला की तो कधी तिथे जाऊन बसतो, मग काल दिसत होतं आज गायब, असं होतं. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ सेटिंगमध्ये ऑटो काढून चॅनल ३६ किंवा ४४ ठेवा, रुंदी ८०. ३६ वर नसेल जमत तर १४९ करून पाहा. नेटवाल्याच्या राउटरचा पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर त्यालाच करायला लावा, फोनवरून बसल्या जागी होते त्यांना.

यातून एक छोटा फायदा घरातल्या बाकीच्यांनाही होतो. घरातलं जे काही २.४ वर राहील, जुना टीव्ही, कॅमेरा, त्यांची हवा आता थोडी मोकळी होते, कारण हळू बोलणारं कार्ड तेवढाच डेटा आणायला हवेत जास्त वेळ अडवून ठेवत होतं.

आतलं कार्डच बदलायचं का, असं पुढे कोणीतरी तुम्हाला सांगेलच. होते, जुनं ड्युअल बँड कार्ड स्वस्तात मिळते, आणि ते डोंगलपेक्षा बरं चालते कारण लॅपटॉपच्या स्क्रीनमधली अँटेना त्याला मिळते. पण २०१५ च्या आसपासच्या लॅपटॉपात कुठे जुना मिनी पीसीआयई स्लॉट, कुठे एम.२, त्यामुळे आधी खोलून पाहावं लागते. आणि काही कंपन्यांच्या बायोसमध्ये ठराविक कार्डांचीच यादी असते, दुसरं लावलं की लॅपटॉप चालू होतानाच अडतो. काही लॅपटॉपात एकच अँटेनाची वायर ओढलेली असते, दोन स्ट्रीमचं कार्ड लावून उपयोग अर्धाच. शंभरच्या प्लॅनसाठी हा उद्योग कशाला. प्लॅन तीनशेचा केला, तर ४३३ वालं डोंगल दोनशेच्या थोडं वर थांबेल, तेव्हा यूएसबी ३ पोर्ट आहे का पाहून १३०० वालं घ्या.

डोंगलनंतर स्पीड टेस्ट ९० दाखवते पण पेज तरीही उघडत नाही असं झालं, तर मग हार्ड डिस्क आणि चार जीबी रॅम पाहा, ते दुखणं वायफायचं नाही, त्याच्यावर एसएसडी लागते.